शिरापूरचा पूल बंद, म्हणून पेडगाव: मोरगाव–सिद्धटेकची वाकडी वाट

मावशीचं म्हणणं स्पष्ट होतं. अष्टविनायक करायचे तर क्रमाने करायचे. पहिला मोरगाव, दुसरा सिद्धटेक. ‘जाता जाता थेऊर उरकून घेऊ’ असला हिशेब तिच्याकडे चालत नाही. त्यामुळे जानेवारीतला एक शनिवार-रविवार ठरला, गाडीत आई, मावशी आणि चालवायला मी. सिद्धटेकला एक मुक्काम आणि रविवारी दुपारपर्यंत परत, एवढाच साधा बेत होता.

शनिवार सकाळ: मोरगाव आणि सुपे

सहाला निघालो. दिवे घाट, सासवड, जेजुरी ओलांडून मोरगावला पोचलो तेव्हा देवळासमोरच्या नंदीवर कोवळं ऊन आलं होतं. गणपतीसमोर नंदी, आणि देवळाच्या चार कोपऱ्यांना मनोरे. लांबून मशीद वाटावी असं हे देऊळ मला लहानपणापासून आवडतं. गर्दी कमी होती, दर्शन पंधरा मिनिटांत झालं. मिसळ खाऊन सुप्यामार्गे चौफुल्याला सोलापूर रस्त्याला लागलो आणि पाटसवरून दौंडकडे वळलो.

ही नेहमीची वाट. पाटस, दौंड, शिरापूर, मग भीमेवरचा पूल आणि पलीकडे सिद्धटेक. दौंडपासून वीसेक किलोमीटर, ऊस आडवा आला नाही तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम.

दौंडमधून बाहेर पडताना चौकात एक पिवळा फलक होता. त्याचा वरचा अर्धा भाग कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सने झाकला होता. खालच्या अर्ध्यावर ‘...र्गाचा वापर करावा’ एवढंच दिसत होतं. मावशी म्हणाली, “काहीतरी वापरायला सांगतायत.” काय ते शिरापूरला कळलं.

शनिवार, अकराच्या सुमारास: शिरापूर

नदी दिसायच्या आधीच रस्त्यात लाल-पांढऱ्या रंगाचे ड्रम, त्यांना बांधलेली दोरी आणि मागे मुरमाचा ढीग. पलीकडे पूल दिसत होता, पुलापलीकडची टेकडी दिसत होती, झाडीतून देवळाचा कळससुद्धा. चालत गेलं तर वीस मिनिटं. आणि जायचं नाही.

मावशीला मात्र काही बिघडलंय असं वाटलंच नाही. तिच्या लहानपणी इथे पूलच नव्हता; शिरापूरला उतरायचं आणि होडीने पलीकडे जायचं. “होडीवाला बोलव,” ती म्हणाली. शेजारच्या टपरीवरचे काका हसले. “आजी, होड्या आता मासेमारीच्या. माणसं नाही घेत कुणी. आणि गाडी कुठं ठेवता मग? संध्याकाळी परत यायला होडी मिळंल याची काय खात्री?” हा शेवटचा मुद्दा मावशीला पटला.

चहा होईपर्यंत मी ड्रमपाशी गेले. हेल्मेट घातलेला एक तरुण इंजिनिअर तिथे उभा होता. आधी त्याला वाटलं, मी भांडायला आले. भांडत नाही म्हटल्यावर तो मोकळेपणी बोलायला लागला, आणि मला जे हवं होतं ते सगळं त्याच्याकडे होतं.

पुलाचा प्रत्येक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला तुकडा, खांबावर थेट टेकलेला नसतो. मधे रबराच्या जाड गाद्या असतात, आत पोलादी पत्रे घातलेल्या. त्यांना तो ‘बेअरिंग’ म्हणत होता. काँक्रीट उन्हाने लांबतं आणि थंडीने आखडतं. वीस मीटरचा गाळा असेल आणि तापमानात तीस अंशांचा फरक पडला, तर लांबी सात मिलिमीटरने बदलते. तेवढी हालचाल ही गादी सोसते, शिवाय वरून जाणाऱ्या ट्रकचे दणके. वर्षांनी रबर कडक होतं, कडेने फुगतं, चिरा पडतात. मग गाळा खांबावर घासायला लागतो आणि खांबाच्या डोक्यावरचं काँक्रीट फुटतं. त्याने बदललेली एक जुनी गादी कडेला टाकली होती. पायाने ढकलली तर दगडासारखी. एका बाजूने रबर उघडून आतला गंजलेला पत्रा पुस्तकाच्या पानांसारखा दिसत होता.

गादी बदलायची तर आख्खा गाळा जॅक लावून काही मिलिमीटर उचलावा लागतो. खांबावरचे सगळे जॅक एकदम आणि सारखे उचलायचे, एक पुढे गेला तर वरच्या स्लॅबला पीळ बसतो. “म्हणून तर मोटरसायकलपण नाही सोडत,” तो म्हणाला. “लोकांना वाटतं, दोन चाकांनी काय होतं? पण गाळा जॅकवर असताना वर काहीच हलायला नको. खाली माझी माणसं असतात.” नव्या गादीखालचा मसाला पक्का होईपर्यंतही वाहतूक नाही. म्हणजे ‘दुपारी थोडा वेळ सोडतील’ या आशेवर थांबण्यात काही अर्थ नव्हता.

हे विचारून घेणं उपयोगाचं असतं. पूल कशासाठी बंद आहे यावर थांबायचं की वळायचं ते ठरतं. वर फक्त डांबराचा थर किंवा सांध्याच्या पट्ट्या बदलत असतील, तर बऱ्याचदा एक बाजू चालू ठेवतात किंवा दुचाक्या सोडतात. जॅक लागले असतील तर गाडी वळवा. आणि प्रवेशावर लोखंडी आडवी कमान टाकली असेल, तर पूल फक्त जड वाहनांना बंद असतो. कार खालून जाते.

“मग जायचं कुठून?” या प्रश्नावर त्याने हात वर केले. तो सांगलीचा होता, इथले रस्ते त्याला माहीत नव्हते. फलकावरही ‘पर्यायी मार्गाचा वापर करावा’ असं होतं, पर्याय कोणता ते नव्हतं.

टपरीवरची चर्चा

नदी आडवी असली की रस्ते शोधून उपयोग नसतो, पूल शोधायचा असतो. वरच्या अंगाला पुढचा पूल कुठे, खालच्या अंगाला कुठे, एवढे दोनच प्रश्न. बाकीचे रस्ते आपोआप जुळतात.

फोनवरच्या नकाशाला हे कळत नव्हतं. त्याच्या लेखी शिरापूरचा पूल चालूच होता. गाडी वळवली की तो ‘यू टर्न घ्या’ म्हणायचा. बराच वेळ दुर्लक्ष केल्यावर त्याने दुसरा रस्ता काढला, तोही नदी ओलांडणाऱ्या एका बारीक रेघेवरून. अंतर मोहात पाडण्याइतकं कमी होतं. मी नकाशा बदलून उपग्रहाचं चित्र लावलं. रेघेच्या एका बाजूला पाणी काठोकाठ आणि दुसऱ्या बाजूला वाळू नि खडक उघडे. पुलाच्या दोन्ही बाजूंना पाणी सारखं दिसतं; असा फरक दिसला की तो बंधारा. टपरीपाशी दुधाचा टेम्पो उभा होता, त्याच्या ड्रायव्हरने दुजोरा दिला. “त्यो कोल्हापुरी बंधारा हाय, ताई. वरनं मोटरसायकल जाती, कठडा नाही. मधी एकाची मोटरसायकल गेली खाली. तुमची गाडी तोंडालाच अडकंल, खांब रोवल्यात.” पावसाळ्यात पाणी अडवायला लावलेले ढापे काढले की अशा बंधाऱ्यावरून पाणीही वाहतं. नकाशाला बंधारा आणि पूल यांतला फरक कळत नाही, तो आपल्यालाच पाहावा लागतो.

मग उरले दोन. वरच्या अंगाला दौंडचा पूल: दौंडला परत जायचं, अहिल्यानगरच्या रस्त्याने भीमा ओलांडायची, काष्टीवरून पेडगावकडे वळायचं आणि नदीच्या त्याच काठाने सिद्धटेक. दौंडपासून अठ्ठेचाळीस-पन्नास किलोमीटर. खालच्या अंगाला भिगवणच्या पुढचा खेडचा पूल: सोलापूर रस्ता गाठून भिगवण, मग खेड, राशीन, आणि राशीनहून मागे सिद्धटेक. शिरापुरातून मोजलं तर हे शंभराच्या घरात जात होतं, म्हणून पेडगावचा रस्ता ठरला. पुण्याहून थेट सिद्धटेकला निघणाऱ्याला मात्र भिगवणचा रस्ता इतका लांब पडत नाही, कारण निम्मा भाग सोलापूर महामार्ग आहे. कुठून वळताय त्यावर हिशेब बदलतो.

रस्ता धड आहे का, हे मी टेम्पोवाल्याला असं विचारलं: “पेडगावकडून एसटी येते का? उसाचे ट्रॅक्टर जातात का?” जिथून दोन ट्रेलर लावलेला उसाचा ट्रॅक्टर जातो तिथून कार जातेच. खड्डे असतील, पण मोऱ्या मजबूत असतात आणि वळणं रुंद. “जातात की. रात्रंदिवस,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “पण आज शनिवार हाय.”

मला वाटलं तो मारुतीबद्दल बोलतोय.

शनिवार दुपार: काष्टीचा बाजार

नकाशाची ही खोड मोडता येते: सिद्धटेक टाकूच नका. आधी फक्त काष्टी टाकलं, तिथे पोचल्यावर पेडगाव, मग सिद्धटेक. असे तुकडे केले की बंद पुलाकडे ओढायला त्याला वावच राहत नाही.

दौंडला पेट्रोल भरलं. गाडी सीएनजीवर असेल तर इथेच भरून घ्या. पुढे शेतातल्या रस्त्यांवर पंपाची वाट पाहत बसायला लागेल. पंपावरचं स्वच्छतागृहही वापरून घ्या, बरोबर वयस्कर बायका असतील तर ही सूचना पेट्रोलपेक्षा महत्त्वाची आहे. दौंडचा पूल ओलांडताना आईने खाली पाहून हात जोडले. “हीच ना ती भीमा?” हीच. पूल तेवढा वीस किलोमीटर वरचा.

काष्टीच्या अलीकडे गाड्या थांबल्या आणि शनिवारचा अर्थ उलगडला. काष्टीला शनिवारी आठवडी बाजार भरतो, आणि तोही जनावरांचा, नावाजलेला. रस्त्यावर पिकअप, त्यात शिंगांना गोंडे बांधलेले बैल. पायी चाललेल्या गायी. एका खोंडाला रस्ता ओलांडायचाच नव्हता. मालक पुढून ओढतोय, पोरगा मागून शेपूट पिरगाळतोय आणि तीस-चाळीस गाड्या त्या खोंडाच्या मर्जीची वाट बघतायत. हॉर्न कुणीच वाजवत नव्हतं. वाजवला तर बैल बिथरतात, हे तिथल्या सगळ्यांना माहीत असावं. मागून आलेल्या एका पुण्याच्या गाडीने वाजवला, तेव्हा बाजूच्या म्हाताऱ्याने काचेवर टिचकी मारून त्याला समजावलं.

शेवटी गाडी एका मंगल कार्यालयाच्या कडेला लावली आणि उतरलो. माझं माहेर-सासर दोन्ही पुण्यात, जनावरांचा बाजार मी कधी पाहिलाच नव्हता. आई-मावशीचं बालपण मात्र बैलांच्या घरात गेलेलं. मावशी सरळ एका खिलार जोडीपाशी गेली आणि मालकाला म्हणाली, “जुळलेत का?” म्हणजे दाताने प्रौढ झालेत का. त्याने बैलाचा ओठ वर करून दाखवला. मावशीने दात पाहिले, खांद्यावरून हात फिरवला, वशिंड दाबून पाहिलं. “चालीला कसे?” त्याने चालवून दाखवले. आता दहा मिनिटांत ही बैल घेऊन गाडीत बसते की काय, अशी मला धास्ती. तेवढ्यात दोन व्यापारी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करायला लागले. चेहऱ्यावर काही नाही, ओठ बंद, उपरण्याखाली बोटं दाबली जातायत. एकाने मान हलवली, हात काढला, दोन पावलं गेला, परत आला. व्यवहार झाला की नाही ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मावशी म्हणते झाला.

बाजारात गोडी शेव, कांदा भजी, गरम जिलबी असं सगळं मिळतं. आम्ही भजी आणि जिलबी घेऊन गाडीतच बसलो. तासभर गेला. तुम्ही शनिवारी जात असाल तर काष्टी सकाळी लवकर ओलांडा, नाहीतर संध्याकाळीच. इतर वारी दहा मिनिटांचं गाव आहे.

शनिवार, उतरती दुपार: पेडगावची वाट

काष्टी सोडली की रहदारी ओसरते. रस्ता कधी चांगला, कधी डांबर उसवलेला. कडेला ऊस, आणि ऊस संपला की ज्वारी. उसाचे ट्रॅक्टर भरपूर होते. त्यांच्या मागे लागलं तर घाई करू नका. दोन ट्रेलरची लांबी ओव्हरटेक करताना लक्षात येत नाही, आणि मागच्या ट्रेलरचा दिवा लागत असेल असं धरून चालू नका. समोर रस्ता मोकळा असेल तर ड्रायव्हर हात दाखवून सोडतो, तोपर्यंत गाण्याचा आवाज ऐकत मागे राहायचं. त्या आवाजात तो तुमचा हॉर्न ऐकेल ही आशा सोडा.

पेडगावच्या थोडं अलीकडे एका शेतातून धूर येत होता. आईने काच खाली केली आणि म्हणाली, “हुरडा.” नाकाने सांगितलं तिला. रस्त्याकडेला उभ्या बाईंना पेडगाव किती लांब म्हणून विचारायला थांबलो, तर त्यांनी आधी “कुठलं?” विचारलं, मग “पूल बंद म्हणून आला का?” आणि मग “या की, हुरडा खाऊन जा.” सकाळपासून अशा चार-पाच गाड्या रस्ता विचारायला थांबल्या होत्या, असं त्या म्हणाल्या. पुलाच्या दुरुस्तीने त्यांच्या शेतात पुण्याचे पाहुणे आणले होते.

आगटीत गोवऱ्यांचा विस्तव होता. त्यांच्या सासऱ्यांनी पाच-सहा कणसं राखेत खुपसली, फिरवली, हिरवा रंग जरा काळपट झाला की काढली. गरम कणीस दोन्ही तळव्यांत धरून चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि दाणे दुसऱ्याच्या हातावर द्यायचे. मी चोळायला घेतलं आणि दोन सेकंदांत सोडलं, हात भाजला. आजोबांच्या हाताला काहीच होत नव्हतं. बरोबर लसणाची सुकी चटणी आणि गूळ. ‘गूळभेंडी’ जातीची ज्वारी होती, दाणा दुधाळ आणि गोड. दाणा असा फार तर पंधरवडाभरच मिळतो, मग टणक होतो. पैसे घेतले नाहीत. मावशीने मोरगावच्या प्रसादातला पेढा काढून दिला, तो मात्र दोन्ही हातांनी घेतला.

आजोबांनी पुढचा रस्ताही सांगितला: पेडगावात शिरल्यावर नदीकडे उतरायचं नाही, सिद्धटेक विचारत डावीकडून निघायचं. “नदीकडं गेलात तर किल्ला लागंल.” हे ऐकून आम्ही नदीकडे गेलो.

बहादूरगड

पेडगावचा भुईकोट हाच बहादूरगड. औरंगजेबाचा सरदार बहादूरखान याची इथे छावणी होती, त्याचंच नाव किल्ल्याला पडलं. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशाला औरंगजेबासमोर इथेच आणलं. गावातले लोक आता धर्मवीरगड म्हणतात. आत काटेरी झुडपं, पडक्या भिंती, आणि मधेच लक्ष्मीनारायणाचं यादवकालीन देऊळ, खांबांवर आणि बाहेरच्या भिंतीवर इतकं बारीक कोरीवकाम की मोकळ्या माळावर ते पाहून आपण थबकतो. नदीच्या बाजूला उंच बांधकाम आहे, त्याला हत्तीची मोट म्हणतात. भीमेचं पाणी वर चढवून किल्ल्यात खेळवायची सोय.

आई एका दगडावर बसून राहिली. किल्ल्यात सावली कमी आणि पिण्याच्या पाण्याची सोय आम्हाला दिसली नाही. पाणी बरोबर ठेवा, पायात बूट घाला, आणि अंधार पडायच्या आत निघा. नेहमीच्या वाटेने आलो असतो तर हा किल्ला आम्ही पाहिला नसता. अष्टविनायकाच्या बसेस इथे वळत नाहीत.

पेडगाव ते सिद्धटेक दहा किलोमीटरच्या आतबाहेर, पण अरुंद. साडेपाचला टेकडीखाली पोचलो. शिरापूरहून वीस मिनिटं चालत जे अंतर होतं, त्याला आम्हाला सहा तास लागले. त्यात बाजार, हुरडा आणि किल्ला धरून. नुसतं गाडी चालवणं दोन तासांच्या आत होतं.

रविवार: सिद्धटेक, राशीन, भिगवण

मुक्काम भक्तनिवासात. पूल बंद असल्याने खोल्या रिकाम्या होत्या. पहाटे थंडी कडाक्याची, नदीवर धुकं. हा अष्टविनायकांतला एकटाच उजव्या सोंडेचा गणपती, कडक मानतात, त्यामुळे मावशी सोवळ्याच्या बाबतीत जरा जास्तच सावध होती. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. गाभारा छोटा, पण गर्दीच नसल्यामुळे गुरुजींनी निवांत बसू दिलं. इथली प्रदक्षिणा आख्ख्या टेकडीला वळसा घालून जाते. मी आणि मावशी गेलो, आई देवळात जपाला बसली. मावशीचं वय चौऱ्याहत्तर, पण दम मला लागला.

खाली फुलवाल्या बाईंशी बोलणं झालं. पूल बंद झाल्यापासून त्यांचा धंदा बसला होता, आणि त्याहून मोठी अडचण पोरांच्या शाळा-कॉलेजची होती. इथल्या पोरांना दौंडच जवळचं. “तुम्ही एकदा वळसा घातला, आमची पोरं रोज घालतात,” त्या म्हणाल्या. दुपारी उशिरा घरी येतात, कधी बंधाऱ्यावरून येतात, आणि ती घरी येईपर्यंत जिवात जीव नसतो.

परतीला आम्ही खालचा पूल धरला. एक तर आईला राशीनला यमाईचं दर्शन घ्यायचं होतं, दुसरं म्हणजे रविवारी दुपारी दौंड-पाटस टाळावंसं वाटलं. सिद्धटेक ते राशीन रस्ता बरा आहे. राशीनच्या देवळासमोरच्या दीपमाळा हलतात, हे ऐकून होते. वर चढून आतलं लाकूड धरून हलवलं की उंच बांधकाम खरंच डोलतं. खाली उभं राहून वर पाहिलं की पोटात गोळा येतो. पुलाचा इंजिनिअर आठवला. त्याच्या पुलाने असं केलं असतं तर त्याला झोप लागली नसती.

राशीनहून खेडकडे येताना भीमा पुन्हा आडवी येते, पण इथे ती नदी राहत नाही. उजनी धरणाचं पाणी इतकं मागे पसरलंय की पुलावरून दोन्हीकडे तळंच दिसतं. कडेला मासेमारीच्या होड्या, उथळ पाण्यात बगळे आणि करकोचे. रोहित पक्षी पाहायचे असतील तर त्यासाठी भिगवणजवळच्या कुंभारगावला पहाटे जावं लागतं. दुपारी बाराला ते दिसतील म्हणून पुलावर गाडी उभी करू नका, पूल अरुंद आहे आणि मागून ऊस येत असतो.

भिगवणला जेवण म्हणजे मासे. खानावळीत शिरताच रस्सा आणि तळलेल्या चिलापीचा वास. मावशीने हात वर केला: “मला पिठलं-भाकरी. काल मोरगाव, आज सिद्धटेक.” आईने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मरळीची थाळी सांगितली. दर्शन झालं, आता काय, असं तिचं म्हणणं. दोघी बहिणी शेजारी बसून जेवल्या, एकमेकींच्या ताटाकडे न बघता. मासा ताजा होता, काटे कमी, रस्सा मात्र जपून; पहिल्या घोटाला कळत नाही, तिसऱ्याला घाम फुटतो.

भिगवण ते हडपसर सरळ महामार्ग. यवतच्या पुढे मावशीचा फोन वाजला. तिच्या भजनी मंडळातल्या बायकांची पुढच्या आठवड्यात सिद्धटेकची मिनीबस ठरली होती आणि पूल बंद असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. मावशीने चष्मा नीट केला, जणू नकाशा समोर आहे. “ड्रायव्हरला सांगा, दौंडला पूल ओलांडून काष्टी, तिथून पेडगाव. बंधाऱ्यावरून नेतो म्हणाला तर उतरा सगळ्या. आणि कधी निघताय? शनिवारी? मग काष्टी सकाळीच ओलांडा, बाजार असतो. नाहीतर असं करा, बाजारातच थांबा थोडं. खिलार बघण्यासारखे येतात.”